इनपुट ग्राउंडला, तरी आउटपुटला दीड व्होल्ट: ऑफसेट व्होल्टेज आणि बायस करंट वेगळे कसे ओळखायचे

प्रॅक्टिकलला हजार गेनचा इन्व्हर्टिंग अ‍ॅम्प्लिफायर लावला की दर बॅचला कुणीतरी हात वर करतंच. "सर, इनपुट ग्राउंडला जोडलंय, तरी मीटर १.४६ व्होल्ट दाखवतोय. आयसी गेला का?" आयसी बदलला की आकडा बदलतो, कधी उणे होतो, पण शून्य काही येत नाही. मग कनेक्शन पुन्हा तपासली जातात, ब्रेडबोर्डवर संशय घेतला जातो आणि अर्धा तास निघून जातो.

आयसी चांगलाच असतो. आउटपुटवरच्या त्या दीड व्होल्टात दोन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: इनपुट ऑफसेट व्होल्टेज आणि इनपुट बायस करंट. दोघांवरचे उपाय वेगळे आहेत. कुणाचा वाटा किती हे न मोजता उपाय केला, तर बहुतेक वेळा चुकीचाच उपाय हाती लागतो. एक वायर काढून आणि दोन रीडिंग घेऊन हे वाटे कसे वेगळे करायचे, ते इथे एका खऱ्या सर्किटवर करून पाहू.

सर्किट

आयसी ७४१, सप्लाय अधिक-उणे १२ व्होल्ट. इनपुट रेझिस्टर १ किलोओहम, फीडबॅक रेझिस्टर १ मेगाओहम, दोन्ही एक टक्क्याचे. पिन ३, म्हणजे नॉन-इन्व्हर्टिंग इनपुट, थेट ग्राउंडला. दोन्ही सप्लाय पिनांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा एकेक सिरॅमिक कपॅसिटर. सिग्नलचा गेन उणे १०००.

आता हा अ‍ॅम्प्लिफायर के-टाइप थर्मोकपलसाठी लावला आहे असं समजा. हा थर्मोकपल एका अंश सेल्सिअसला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतो, म्हणजे आउटपुटला अंशाला ४१ मिलिव्होल्ट. या हिशेबाने आउटपुटवरचे १.४६ व्होल्ट म्हणजे जवळजवळ ३६ अंशांची चूक. कोमट पाणी मोजायला बसलात, तर ते उकळायला आलंय की गोठायला, हेसुद्धा सांगता येणार नाही. म्हणून ऑफसेट नेहमी इनपुटच्या भाषेत बोलायची सवय लावा. आउटपुटला दीड व्होल्ट म्हटलं की काही बोध होत नाही. माझ्या सिग्नलच्या तुलनेत ३६ अंशांची चूक म्हटलं की लगेच कळतं.

हे दोघे येतात कुठून

ऑप-अ‍ॅम्पच्या दोन इनपुटांमागे दोन ट्रान्झिस्टर असतात. एकाच चकतीवर शेजारी शेजारी बनले, तरी ते तंतोतंत सारखे नसतात. आउटपुट शून्यावर आणायला दोन पिनांमध्ये जो छोटासा फरक द्यावा लागतो, तो इनपुट ऑफसेट व्होल्टेज. ७४१सीच्या डेटाशीटमध्ये तो टिपिकल २ मिलिव्होल्ट आणि जास्तीत जास्त ६ मिलिव्होल्ट दिलेला असतो. चिन्ह दिलेलं नसतं, कारण एका नगात तो अधिक असेल आणि शेजारच्या नगात उणे.

त्याचं चित्र असं डोळ्यांसमोर आणा: ऑप-अ‍ॅम्प अगदी आदर्श आहे, फक्त पिन ३च्या आत कुणीतरी २ मिलिव्होल्टचा एक इवलासा सेल सिरीजमध्ये बसवला आहे. सेल नॉन-इन्व्हर्टिंग पिनेवर आहे, म्हणून त्याला मिळणारा गेन नॉन-इन्व्हर्टिंगचा, म्हणजे १००० नव्हे, १००१. इथे हा फरक नगण्य वाटेल. पण उणे एक गेनच्या सर्किटमध्ये सिग्नलला एक आणि ऑफसेटला दोन गेन मिळतो, आणि तिथे हीच गोष्ट विसरल्यामुळे हिशेब दुपटीने चुकतो.

दुसरी गोष्ट बायस करंट. ७४१चे इनपुट ट्रान्झिस्टर बायपोलर, एनपीएन जातीचे आहेत. त्यांना चालू राहायला बेस करंट लागतो आणि तो पिनांतून आत जातो: टिपिकल ८० नॅनोअँपिअर, जास्तीत जास्त ५००. पिन २ला लागणारा हा करंट येणार कुठून? इनपुट रेझिस्टरचं एक टोक ग्राउंडला आहे, दुसरं व्हर्च्युअल ग्राउंडला. दोन्हीकडे शून्य, म्हणून बायस करंटपुरतं पाहिलं तर त्यातून काहीच वाहत नाही. सगळा करंट आउटपुटकडून फीडबॅक रेझिस्टरमधून येतो, आणि तो आणायला आउटपुटला तेवढं वर चढावं लागतं. ८० नॅनोअँपिअर गुणिले १ मेगाओहम म्हणजे ८० मिलिव्होल्ट.

दोन्ही मिळून:

```
Vout = Vos × (1 + Rf/R1) + Ib × Rf
```

या सूत्रातली एक गोष्ट नीट पाहा. पहिल्या भागात R1 आहे, दुसऱ्या भागात नाही. पुढची सगळी युक्ती एवढ्यावरच उभी आहे.

पहिली पायरी: खरं शून्य द्या

इनपुट शून्य करायचं म्हणून फंक्शन जनरेटरचा अ‍ॅम्प्लिट्यूड शून्यावर नेऊ नका. जनरेटरला स्वतःचा एखादा मिलिव्होल्ट डीसी असू शकतो, आणि हजार गेनला एक मिलिव्होल्ट म्हणजे एक व्होल्ट. जनरेटर पूर्ण काढा आणि इनपुट रेझिस्टरचं मोकळं टोक छोट्या वायरने ग्राउंड करा.

ही वायर कुठे लावता तेही महत्त्वाचं आहे. पिन ३ ज्या भोकात ग्राउंड केली आहे, त्याला लागूनच्या भोकात ती लावा. एका गटाने हे दोन ग्राउंड ब्रेडबोर्डच्या पट्टीच्या दोन टोकांना जोडले होते आणि मधूनच पॉवर दाखवणाऱ्या एलईडीचा २० मिलिअँपिअर परत जात होता. वाटेतल्या जोडणीचा रेझिस्टन्स ५० मिलिओहम धरला, तरी २० मिलिअँपिअरला एक मिलिव्होल्ट होतो. एलईडी काढला की आउटपुट एका व्होल्टने खाली यायचं, लावला की वर जायचं. ती चूक ऑप-अ‍ॅम्पची नव्हती, पण मीटरवर दिसत होती अगदी ऑफसेटसारखी. शंका आली तर इतर सगळे भार काढून आकडा हलतो का ते बघा.

स्कोपवर पाहत असाल तर कपलिंग डीसीवर ठेवा. एसी कपलिंगवर ट्रेस नेहमी मधोमधच बसतो आणि ऑफसेट आहे हेच कळत नाही.

दुसरी पायरी: दोन रीडिंग

सप्लाय देऊन दहा मिनिटं थांबा, आयसी आणि आजूबाजूचं सगळं स्थिर होऊ द्या. मग पिन ६ आणि ग्राउंड यांच्यामध्ये मल्टिमीटर लावून पहिलं रीडिंग घ्या. पिन २वर मीटर लावून तिथला मिलिव्होल्टमधला आकडा वाचायचा मोह टाळा. त्या नोडला प्रोब आणि वायर लागली की ५० हर्ट्झची गुणगुण आत येते. आउटपुटला तोच आकडा हजारपट मोठा होऊन आयता मिळतो आहे.

आता इनपुट रेझिस्टरचं ग्राउंडकडचं टोक उपसून हवेत मोकळं सोडा. बाकी काही हलवू नका. दुसरं रीडिंग घ्या.

टोक मोकळं झाल्यावर काय झालं? डीसीपुरता इनपुट रेझिस्टर सर्किटमध्ये उरलाच नाही, सर्किट नुसता फॉलोअर झालं. ऑफसेट व्होल्टेजला मिळणारा गेन १००१वरून १वर आला. बायस करंट मात्र अजूनही त्याच १ मेगाओहममधून येतो आहे, त्याच्या वाट्यात फरक नाही.

मोकळं टोक अँटेनाचं काम करतं, म्हणून आकडा नाचत असेल तर फीडबॅक रेझिस्टरला समांतर १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा. डीसी रीडिंगवर त्याचा परिणाम होत नाही.

सुरुवातीच्या त्या आयसीचे आकडे असे होते:

```
A (R1 ग्राउंडला) = 1.462 V
B (R1 मोकळा)     = 0.071 V

A - B = Vos × Rf/R1
1.391 V = Vos × 1000       →  Vos = 1.391 mV

B = Vos + Ib × Rf
71 mV - 1.4 mV = Ib × 1 MΩ →  Ib ≈ 69.6 nA
```

म्हणजे १.४६२ व्होल्टमधले जवळजवळ १.३९ व्होल्ट ऑफसेटचे आणि फक्त ७० मिलिव्होल्ट बायस करंटचे. पाच टक्क्यांच्या आतबाहेर.

ऑफसेट उणे असलेला नग मिळाला तर पहिलं रीडिंग उणे येईल आणि दुसरं अधिकच राहील. अशा वेळी दोन्ही वाटे एकमेकांना थोडे खातात. चिन्हासकट वजाबाकी केलीत तर उत्तर बरोबर येतं. एलएम३५८ वापरत असाल तर त्याचे इनपुट पीएनपी आहेत, करंट पिनेतून बाहेर पडतो, म्हणून दुसरं रीडिंग उणे यायला हवं. ते पाहून घाबरू नका.

तिसरी पायरी: पिन ३चा रेझिस्टर कधी लावायचा

पाठ्यपुस्तकातला पहिला उपाय हाच: पिन ३ आणि ग्राउंडमध्ये असा रेझिस्टर लावा, ज्याची किंमत इनपुट आणि फीडबॅक रेझिस्टर समांतर धरल्यावर येते तेवढी आहे. इथे १ किलो आणि १ मेगा समांतर म्हणजे ९९९ ओहम, म्हणून १ किलोओहम लावला. विद्यार्थी तो लावतात, मीटर १.४१ च्या आसपास येतो आणि चेहरे पडतात.

रेझिस्टरने आपलं काम चोख केलेलं असतं. पिन ३चा बायस करंट आता या १ किलोमधून जातो, तिथे उणे ७० मायक्रोव्होल्टच्या आसपास पडतो, त्याला १००१ गेन मिळतो आणि आउटपुटला साधारण उणे ७० मिलिव्होल्ट येतात. पिन २च्या करंटने केलेला चढ त्यात संपतो. उरतो दोन पिनांच्या करंटमधला फरक, ज्याला इनपुट ऑफसेट करंट म्हणतात. ७४१मध्ये तो टिपिकल २० नॅनोअँपिअर आहे, म्हणजे २० मिलिव्होल्ट इकडे किंवा तिकडे. पण मुळात रोग सत्तर मिलिव्होल्टचा होता. बाकीच्या १.३९ व्होल्टला हा रेझिस्टर हातसुद्धा लावत नाही.

हाच आयसी शंभर गेनच्या सर्किटमध्ये घाला, पण इनपुट रेझिस्टर १०० किलोओहम आणि फीडबॅक १० मेगाओहम ठेवा. आता ऑफसेटचा वाटा १.३९१ मिलिव्होल्ट गुणिले १०१, म्हणजे १४० मिलिव्होल्ट. बायस करंटचा वाटा ६९.६ नॅनोअँपिअर गुणिले १० मेगाओहम, म्हणजे ६९६ मिलिव्होल्ट. गेन दहापट कमी झाला आणि बायसची चूक दहापट वाढली! इथे पिन ३ला ९९ किलोओहम लावलात तर चूक खरंच मोठ्या प्रमाणात उतरेल.

दोन्हींमधली सीमा काढायला ऑफसेट व्होल्टेजला बायस करंटने भागा. आपल्या नगासाठी १.३९१ मिलिव्होल्ट भागिले ६९.६ नॅनोअँपिअर, म्हणजे २० किलोओहम. दोन्ही रेझिस्टरांची समांतर किंमत, आणि मोठ्या गेनला ती जवळजवळ इनपुट रेझिस्टरएवढीच असते, वीस किलोच्या बरीच खाली असेल तर ऑफसेटच्या मागे लागा. बरीच वर असेल तर बायस करंटच्या. सिग्नलच्या सोर्सचा स्वतःचा रेझिस्टन्स इनपुट रेझिस्टरमध्ये मिळवायला विसरू नका.

चौथी पायरी: ऑफसेट नल

आपल्या सर्किटमध्ये दोषी ऑफसेट आहे हे कळलं, आता त्याच्याकडे वळू. ७४१ला पिन १ आणि ५ यासाठीच दिल्या आहेत. १० किलोओहमचा मल्टिटर्न ट्रिमपॉट या दोन पिनांमध्ये लावा आणि मधलं टोक पिन ४ला, म्हणजे उणे सप्लायला जोडा. ग्राउंडला नाही. सर्वांत जास्त चूक इथेच होते. मधलं टोक ग्राउंडला गेलं की आउटपुट एका टोकाला जाऊन चिकटतं आणि पॉट कितीही फिरवला तरी सुटत नाही. पॉट लावताना सप्लाय बंद ठेवा.

इनपुट पुन्हा ग्राउंड करा, आउटपुट बघत स्क्रू हळू फिरवा. एका फेऱ्याचा साधा पॉट असेल तर नखभर हलवल्यावर आउटपुट अधिककडून उणेकडे उडी मारेल. मल्टिटर्न असेल तर पाच मिलिव्होल्टच्या आत सहज आणता येतं. या वेळी आउटपुटवर ऑफसेट आणि बायस दोघांची बेरीज असते, त्यामुळे पॉट दोघांनाही एकत्रच झाकतो. म्हणूनच नल करताना इनपुटला प्रत्यक्ष वापरात असेल तेवढाच सोर्स रेझिस्टन्स असायला हवा.

शून्य आलं की एक प्रयोग जरूर करा. आयसीच्या पाठीवर बोट ठेवा आणि मीटर बघत राहा. काही सेकंदांत आकडा सरकायला लागतो: १०, २०, ४० मिलिव्होल्ट. बोट काढलं की हळूहळू परत येतो. ७४१चा ऑफसेट तापमानाबरोबर अंशाला १० मायक्रोव्होल्टने सरकतो असं धरा, हजार गेनला ते आउटपुटवर अंशाला १० मिलिव्होल्ट होतात. सकाळी नल केलेलं सर्किट दुपारी, खोली आठ अंशांनी तापल्यावर, ८० मिलिव्होल्टवर बसलेलं असतं. आपल्या थर्मोकपलच्या भाषेत दोन अंश. नलने आजचा ऑफसेट जातो, उद्याचा नाही. रोज स्क्रू फिरवायची तयारी नसेल तर हा उपाय डीसी मोजमापाला पुरत नाही.

सिग्नल नुसता एसी असेल तर

मायक्रोफोनसारखा सिग्नल असेल तर डीसी गेनची गरजच नाही. दुसऱ्या रीडिंगला आपण इनपुट रेझिस्टर मोकळा केला होता, तेच काम कायमचं एका कपॅसिटरकडून करून घ्या. १ किलोओहमच्या सिरीजला १० मायक्रोफॅरड लावला की सुमारे १६ हर्ट्झच्या वरचा सिग्नल जातो आणि डीसीला गेन उरतो फक्त एक. आपल्या आयसीवर १.४६२ व्होल्ट थेट ७१ मिलिव्होल्टवर येतात, काहीही नल न करता.

मात्र पिन ३चा रेझिस्टर आता बदलतो. डीसीला इनपुट रेझिस्टर सर्किटमध्ये नाही, म्हणून जुळवणी १ किलोने होत नाही, पूर्ण १ मेगाओहम लावावा लागतो. त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरड द्या, नाहीतर गुणगुण पकडेल. ७१ मिलिव्होल्ट चालत असतील, आणि ऑडिओला पुढच्या टप्प्याआधी आणखी एक कपॅसिटर असेल तर ते चालतातच, हा रेझिस्टर सोडून दिला तरी बिघडत नाही. वरच्या बाजूला ७४१ची मर्यादा लक्षात ठेवा: हजार गेनला त्याची बँडविड्थ जेमतेम १ किलोहर्ट्झ उरते.

आयसी बदलायचा तर कोणता

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. एफईटी इनपुटचा ऑप-अ‍ॅम्प घेतला की ऑफसेटची कटकट संपते, असं सांगितलं जातं. टीएल०७१सीचा बायस करंट जुन्या डेटाशीटप्रमाणे टिपिकल ६५ पिकोअँपिअर आहे. आपल्या १ मेगाओहमवर तो ६५ मायक्रोव्होल्ट देतो, म्हणजे काहीच नाही. पण त्याचा ऑफसेट व्होल्टेज टिपिकल ३ मिलिव्होल्ट आणि जास्तीत जास्त १० आहे. आपल्या सर्किटमध्ये तो आउटपुटला तीन व्होल्ट देईल, ७४१पेक्षा वाईट, आणि एखादा नग दहा व्होल्टकडे जाऊन सॅच्युरेशनच्या उंबरठ्यावर बसेल. टीएल०७१ला शोभणारी जागा १०० किलो आणि १० मेगाचं ते दुसरं सर्किट.

थर्मोकपलच्या सर्किटसाठी ओपी०७ घ्या. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत तो मागायला संकोच वाटू नये इतका जुना आणि रुळलेला भाग आहे. ओपी०७सीचा ऑफसेट टिपिकल ६० मायक्रोव्होल्ट, जास्तीत जास्त १५० मायक्रोव्होल्ट. आउटपुटला ते ६० ते १५० मिलिव्होल्ट होतात, थर्मोकपलच्या भाषेत दीड ते पावणेचार अंश, तेही नल न करता. ही उरलेली चूक शून्य इनपुटला एकदा वाचून वजा करता येते, कारण ती जागेवर राहते: टिपिकल सरक अंशाला ०.५ मायक्रोव्होल्ट, ७४१साठी धरलेल्याच्या विसावा भाग. बोटाचा प्रयोग त्याच्यावर करून बघा, आकडा जेमतेम हलेल. बायस करंट टिपिकल १.८ नॅनोअँपिअर, आउटपुटला दोन मिलिव्होल्टसुद्धा नाही. त्याच्या आत बायस करंट आधीच जुळवून कापलेला आहे, उरलेला करंट दोन्ही पिनांवर वेगवेगळ्या चिन्हाचाही असू शकतो, म्हणून पिन ३च्या रेझिस्टरचा त्याला उपयोग नाही. तो काढून पिन थेट ग्राउंड करा.

७४१ काढून त्याच सॉकेटमध्ये ओपी०७ बसतो, पण आधी नल पॉटच्या तिन्ही वायरी काढा. ओपी०७च्या नल पिना १ आणि ८ आहेत, पॉट २० किलोओहमचा लागतो आणि त्याचं मधलं टोक अधिक सप्लायला जातं. जुना पॉट तसाच राहिला तर पिन १ उणे सप्लायकडे ओढली जाते आणि चांगला आयसी शून्य इनपुटला एका टोकाला चिकटलेला दिसतो. वायरी काढल्यावर इनपुट ग्राउंड करून तीच दोन रीडिंग पुन्हा घ्या. पहिलं १५० मिलिव्होल्टच्या आत आणि दुसरं काही मिलिव्होल्टांत यायला हवं. पहिलं त्याहून बरंच जास्त आलं, तर आयसीवर संशय घेण्याआधी ग्राउंडची वायर पिन ३च्या शेजारच्या भोकात आहे ना, ते बघा.